गल्ल्याजवळचा फोन आणि त्यातले सौदे

नागपूरच्या इतवारी आणि गांधीबाग या एकमेकींना लागून असलेल्या पेठांतून किराणा, सराफी माल आणि कापड भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून थेट बालाघाट-छिंदवाड्यापर्यंत जाते. एकेकाळी हा व्यवहार प्रत्यक्ष भेटीत किंवा दूरध्वनीवर ठरून मुनिमाच्या वहीत उतरत असे. आता विचारणा, नमुन्याचे छायाचित्र, दिलेला भाव आणि पक्की ऑर्डर हे सगळे बहुतेक ठिकाणी व्हॉट्सअॅप बिझनेस या ॲपमधील संभाषणात घडते. जानेवारी 2018 मध्ये आलेले हे ॲप छोट्या व्यापाऱ्यासाठीच बनवलेले असून, त्यात वस्तूंची सूची ठेवता येते आणि ‘नवी ऑर्डर’, ‘पैसे येणे बाकी’ अशी लेबले संभाषणांना लावता येतात. त्यामुळे ही आपली वहीच आहे, असे दुकानदाराला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही वही कुठे असते, याची त्याला पुरेशी कल्पना नसते.

ती कंपनीच्या संगणकावर नसते. संदेश समोरच्या फोनवर पोहोचला की मधल्या सर्व्हरवरून तो काढला जातो, आणि न पोहोचलेला संदेश तिथे जास्तीत जास्त 30 दिवस थांबतो. म्हणजे जुने संभाषण फक्त त्या फोनमध्ये आणि त्याची बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, घेतली असेल तर त्या प्रतीत असते. फोन बदलल्यावर होणारी फसगत यातूनच उद्भवते. नव्या फोनवर तोच नंबर सुरू होताच थांबून राहिलेले ताजे संदेश धडाधड येऊ लागतात, त्यामुळे सारे काही जागेवर आहे असा समज होतो, आणि मागच्या महिन्याचे भाव गेले आहेत हे एखादा ग्राहक त्यांचा उल्लेख करेपर्यंत कळत नाही.

समजा, गांधीबागेतील एका ठोक कापड दुकानाने गोंदियाच्या ग्राहकाला शाळेच्या गणवेशाच्या कापडाचा भाव दिला आहे: 60 थान, मीटरला 148 रुपये, जीएसटी वेगळा, गाडीभाडे ग्राहकाकडे, भाव आठ दिवसांपुरता. दोन दिवसांनी ग्राहक आवाजी संदेशातून 60 ऐवजी 45 थान मागतो आणि रंगछटाही बदलून घेतो. हा सौदा आता तीन तुकड्यांत आहे: एक लिखित संदेश, एक छायाचित्र आणि काही सेकंदांचा आवाज. त्यानंतर दुकानाचा नंबर सांभाळणाऱ्या विक्रेत्याचा फोन बिघडतो, तो नवा अँड्रॉइड फोन आणतो, त्यात सिम घालतो आणि सहा अंकी संकेत भरतो. या टप्प्यावर ॲप राखीव प्रत शोधते, पण ती सापडण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात: नंबर तोच हवा, आणि ज्या गुगल खात्यात प्रत ठेवली होती तेच खाते नव्या फोनवर हवे. विक्रेत्याने जुन्या फोनवर स्वतःचे घरचे खाते जोडले असेल आणि नव्यावर दुसरे उघडले असेल, तर प्रत असूनही ती दिसत नाही, आणि घाईत तो `Skip` दाबून पुढे जातो.

खरे नुकसान इथून सुरू होते. प्रत परत आणण्याची मुभा ॲप बसवतानाच मिळते, नंतर नाही. ती टाळून काम चालू ठेवले, तर पहाटे दोनच्या सुमारास ॲप रोजची नवी प्रत तयार करते, आणि दरम्यान जुने गुगल खातेही जोडले गेले असेल, तर जवळपास रिकामी प्रत भरलेल्या प्रतीची जागा घेऊ शकते. म्हणून जुनी संभाषणे दिसत नाहीत हे लक्षात येताच, त्याच दिवशी ॲप काढून, योग्य खाते जोडून ते पुन्हा बसवणे आणि `Restore` निवडणे हाच मार्ग उरतो. जुना फोन अजून सुरू होत असेल, तर दुसरा आधारही असतो. अँड्रॉइडवर शेवटच्या काही दिवसांच्या प्रती फोनच्याच साठ्यात या ठिकाणी असतात:

```
Android/media/com.whatsapp.w4b/WhatsApp Business/Databases
```

हे दफ्तर तारेने नव्या फोनवर उतरवता येते. मात्र त्यातील फाइली कुलूपबंद असतात आणि नंबरची पडताळणी झाल्याशिवाय उघडत नाहीत, त्यामुळे सिम हाती नसेल तर नुसती नक्कल निरुपयोगी ठरते. दोन्ही फोन चालू असतील तर याहून सरळ सोय 2023 पासून ॲपमध्येच आहे: `Settings`, मग `Chats`, मग `Transfer chats` या वाटेने जाऊन नव्या फोनवरील क्यूआर चौकट जुन्याने वाचली की संभाषणे गुगल खात्याला वळसा घालून थेट पलीकडे जातात. हे अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाताना लागू पडते. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना पद्धत वेगळी असते.

प्रत खरोखर घेतली जाते की नाही, हे `Chat backup` या पानावर दिसते, आणि तिथली शेवटच्या प्रतीची तारीख वाचण्याची सवय दुकानात असणे अगत्याचे आहे. 2024 पासून या प्रती गुगलच्या 15 जीबी मोफत साठ्यात मोजल्या जाऊ लागल्या. नमुन्यांच्या छायाचित्रांनी हा साठा भरला की प्रत घेणे थांबते, आणि पानावरची तारीख महिनाभर जुनीच राहते. शिवाय प्रतीला वेगळा पासवर्ड लावण्याची सोय आहे. तो विसरला तर प्रत कंपनीलाही उघडता येत नाही, म्हणून असा पासवर्ड एकट्या विक्रेत्याला ठाऊक असणे धोक्याचे आहे.

या सगळ्या डागडुजीपेक्षा मूळ मांडणी बदलणे अधिक टिकाऊ आहे, आणि या लेखाचा कल तिकडेच आहे. दुकानाच्या नावाचे सिम, दुकानाचे गुगल खाते आणि गल्ल्याजवळ राहणारा एक फोन असा मुख्य संच ठेवावा. विक्रेत्यांनी आपापले फोन किंवा संगणक त्याला `Linked devices` म्हणून जोडावेत. अशी चार उपकरणे जोडता येतात. मग विक्रेत्याने फोन बदलला किंवा नोकरी सोडली, तरी फक्त एक जोडणी काढावी लागते आणि संभाषण गल्ल्यावरच राहते. मात्र मुख्य फोन 14 दिवस वापरला नाही तर जोडण्या सुटतात, आणि मुख्य फोनच बदलला तर सर्व उपकरणे नव्याने जोडावी लागतात. जोडलेल्या संगणकावर जुना इतिहास अपुराच येतो, त्यामुळे त्याला राखीव प्रत मानता येत नाही.

वाद कोर्टात गेला तर आणखी एक पदर उघडतो. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ उपकरण त्याच्या मालकाने न्यायालयात सादर करून सिद्ध केले तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही, पण नक्कल द्यायची असेल तर ते अनिवार्य आहे. आता ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. जुना फोन विकून टाकलेल्या दुकानदाराकडे मूळ उपकरण उरत नाही, आणि नुसत्या स्क्रीनशॉटवर गोंदियाच्या ग्राहकाने 45 थान मागितले होते हे सिद्ध करणे अवघड जाते.

म्हणून पक्क्या झालेल्या सौद्यापुरती तरी संभाषणाबाहेर नोंद हवी. `Export chat` ही आज्ञा एका ग्राहकाचे संभाषण साध्या मजकूर-फाइलीत काढून देते. आवाज आणि छायाचित्रांसह काढल्यास सुमारे 10,000 संदेशांची मर्यादा पडते. वरच्या उदाहरणात मात्र माध्यमे वगळली तर फाइलीत 60 थान राहतील आणि 45 चा आवाज गळून पडेल. त्यामुळे आवाजातून झालेला प्रत्येक बदल विक्रेत्याने तिथल्या तिथे लिहून ‘45 थान, नवी छटा, 148 रुपये, मंजूर ना?’ असे विचारावे, ग्राहकाचे लेखी ‘हो’ घ्यावे आणि त्याच दिवशी तो आकडा तारखेसह ऑर्डरच्या रजिस्टरात किंवा टॅलीत चढवावा.