नाव नसलेला आरोप

'लेकी बोले, सुने लागे' ही म्हण मराठी घरात जन्मली. सासूने बोलावे लेकीला आणि लागावे सुनेला, अशी तिची योजना. या योजनेला एक मर्यादा होती. ऐकणारी माणसे मोजकी असत आणि बोलण्याचा रोख कोणाकडे आहे, हे त्या सर्वांना ठाऊक असे. आज तेच बोलणे व्हॉट्सअ‍ॅपच्या 'स्टेटस'मध्ये जाऊन बसले आहे. २०१७ साली ही सोय सध्याच्या रूपात आली. तेथे लिहिलेला मजकूर चोवीस तास राहतो आणि ज्यांनी एकमेकांचे क्रमांक जतन केले आहेत, अशा सर्वांना सहसा दिसतो. बोलणारी सासू तीच आहे. सुना मात्र अनेक झाल्या आहेत.

एक नमुना घेऊ. एका शाळेतील शिक्षिकेने वर्षभर सहकारी शिक्षिकेचे वर्ग तिच्या रजेत सांभाळले. पुढे आईच्या आजारपणात तिला स्वतःला रजा हवी होती, तेव्हा सहकारी शिक्षिकेने अडचण सांगून नकार दिला. त्या रात्री पहिलीच्या स्टेटसवर एक वाक्य उमटले: 'गरज सरो, वैद्य मरो. काही माणसे उशिराच ओळखू येतात.'

या वाक्याचे व्याकरण पाहण्याजोगे आहे. मराठी अकर्मक क्रियापद भूतकाळात कर्त्याचे लिंग आणि वचन उघड करते. 'ती फिरली' म्हटले की अर्धे नाव सांगून झाले. 'काही माणसे' हे नपुंसकलिंगी अनेकवचन मात्र दोन्ही झाकते. म्हण तर कोणाच्याच मालकीची नसते. त्यामुळे उद्या जाब विचारला गेलाच, तर 'सहज लिहिले होते' असे म्हणण्याची वाट मोकळी राहते. परंतु ज्या झाकणाने लिहिणारीला संरक्षण मिळते, तेच संशयाचे क्षेत्र वाढवते.

स्टाफरूममधील ज्या दोघींना रजेचे प्रकरण ठाऊक होते, त्यांनी रोख तत्काळ ओळखला. त्यांनी वाक्यापेक्षा वेळ वाचली होती. दुपारचा नकार आणि रात्रीचे स्टेटस ही संगती त्यांना पुरेशी होती. एका शिक्षकाने याच शिक्षिकेकडून दोन हजार रुपये उसने घेतले होते. 'गरज सरो' हे शब्द त्याला स्वतःसाठीच लिहिलेले वाटले. सकाळी त्याने पैसे परत केले आणि बोलणे टाकले. नागपूरच्या जावेला त्यात गेल्या दिवाळीचा मानापमान दिसला. एका माजी विद्यार्थिनीने 'बाई, काय झाले?' असे विचारले; तिला 'काही नाही' एवढेच उत्तर मिळाले. प्रत्येकाने आपापल्या मनातील अपराध त्या रिकाम्या जागेत भरला. चोराच्या मनात चांदणे असते, हे खरे. पण येथे चोर नसलेल्यांच्या मनातही ते पडले.

आणि जिच्यासाठी हे लिहिले, ती? स्टेटस कोणी पाहिले, याची यादी लिहिणाऱ्याला सामान्यतः दिसते. त्या यादीत सहकारी शिक्षिकेचे नाव रात्री दहा वाजता आले. लिहिणारीने त्यावरून 'निरोप पोहोचला' असे ठरवले आणि पुढील मौनाला 'खाई त्याला खवखवे' असा अर्थ लावला. वस्तुतः यादी फक्त पाहिल्याचे सांगते. समजल्याचे सांगत नाही. शिवाय पाहणाऱ्याने वाचल्याची खूण बंद ठेवली असेल, तर त्याचे नाव यादीत येतच नाही. समजा, तिला रोख कळला. तरी तिने उत्तर द्यावे कसे? उत्तर दिले, तर आरोप आपल्यावरच आहे हे मान्य केल्यासारखे होते. न द्यावे, तर मौनच कबुली ठरते. तिची अडचण खरी होती की बहाणा, हे विचारलेच गेले नाही.

सूचक लिहिणे नेहमीच वाईट असते, असे नव्हे. डॅना बॉइड आणि अ‍ॅलिस मारविक या अमेरिकी अभ्यासकांनी एका किशोरवयीन मुलीचे उदाहरण नोंदवले आहे. प्रियकराशी संबंध तुटल्यावर तिने 'लाइफ ऑफ ब्रायन' या १९७९ च्या चित्रपटातील एका वरकरणी आनंदी गाण्याची ओळ फेसबुकवर लिहिली. आईला मुलगी मजेत आहे असे वाटले. मैत्रिणींनी मात्र तो चित्रपट तिच्यासोबत पाहिला होता. ते गाणे मृत्युदंडाच्या दृश्यात येते, हे ठाऊक असल्याने त्यांनी लगेच तिची विचारपूस केली. तेथे किल्ली मैत्रिणींच्या हाती होती आणि कोणावर आरोप नव्हता. शिक्षिकेच्या वाक्यात आरोप होता आणि किल्ली बहुतेकांपाशी नव्हती.

म्हणून असे स्टेटस वाचणाऱ्या मित्राने 'हे कोणाविषयी?' हा प्रश्न टाळावा. तो प्रश्न नावाकडे नेतो. 'आज काय घडले?' हा प्रश्न फोनवर विचारला, तर तो प्रसंगाकडे नेतो, आणि प्रसंग सांगताना आजारी आई, नाकारलेली रजा आणि दुखावलेला विश्वास या गोष्टी प्रथमच स्पष्ट शब्दांत येतात. तेच शब्द सहकारी शिक्षिकेला समोर बसून सांगता येण्याजोगे असतात. चोवीस तासांनी स्टेटस आपोआप पुसले जाते; दोन हजार परत करून अबोला धरलेल्या शिक्षकाच्या मनातून मात्र ते कोणी पुसायचे, हा प्रश्न लिहिणारीसमोर येतच नाही, कारण तो दुखावला गेल्याचे तिला ठाऊकच नसते.