शिवणीची रेघ आणि कापडाचा काठ

फ्रान्समध्ये ‘ओत कुत्यूर’ हे नाव वाटेल त्या शिंप्याला आपल्या पाटीवर लावता येत नाही. १९४५ साली त्या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि तेव्हापासून पॅरिसमध्ये पेढीचा स्वतःचा कारखाना असावा, त्यात मुकरर संख्येचे कसबी पगारावर असावेत, दर हंगामात ठरलेल्या संख्येचे नवे नमुने सादर व्हावेत आणि खाजगी गिऱ्हाइकाचे वस्त्र त्याच्या अंगावर पारखून सिद्ध व्हावे, या अटींची खातरजमा झाल्यावाचून कोणत्याही पेढीचे नाव त्या यादीत दाखल होत नाही. ज्या चार्ल्स फ्रेडरिक वर्थ नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८५८ मध्ये पॅरिसच्या रू द ला पे या रस्त्यावर दुकान थाटून या वहिवाटीचा पाया घातला, त्याच्या काळी अशी सनद अस्तित्वात नव्हती. आणि आजची सनद वाचूनही, अशा पेढीतले जाकीट, कारखान्यातले तयार जाकीट आणि माप देऊन मागवलेले जाकीट यांत वस्तुतः फरक कोणता, याचे उत्तर मिळत नाही. ते मिळवायचे तर जाकीट उलटे करून त्याच्या शिवणी पाहाव्या लागतात.

गाब्रिएल शनेल यांनी १९५४ साली, युद्धामुळे बंद ठेवलेली आपली पेढी पुन्हा उघडल्यावर, लोकरी ट्वीडचे जे बिनकॉलरचे, अंगासरशी बसणारे आणि तरीही हात वर केला असता न उचलले जाणारे जाकीट प्रचारात आणले, ते या परीक्षेसाठी फार सोयीचे आहे. कारण त्याचे कापड विरळ विणीचे, गाठाळ धाग्याचे आणि कात्री लागताच काठाशी उसवू लागणारे असते, आणि अशा अवघड कापडापुढे शिवणकामाची प्रत्येक पद्धत आपला स्वभाव उघड करते. गिऱ्हाईक म्हणून एक अशी स्त्री कल्पावी, जिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा सुमारे १ सेंटिमीटर खाली आहे आणि पाठीला किंचित बाक आहे. यात असाधारण काही नाही. तंतोतंत समान खांद्यांचे शरीर हीच खरी दुर्मिळ गोष्ट.

प्रथम तयार जाकीट घेऊ. कारखान्यात एका मध्यम मापाच्या देहावर मूळ नमुना बसवतात आणि त्यावरून लहानमोठी मापे ठरलेल्या पायरीने काढतात; फ्रेंच मापांत ही पायरी छातीच्या घेरात साधारण ४ सेंटिमीटरची असते. मग कापडाचे अनेक थर एकावर एक पसरून यंत्राच्या पात्याने एकदमच कापले जातात, आणि येथेच या पद्धतीचे मर्म आहे. तुकडा यंत्रावर बसलेल्या कारागिराकडे येतो तेव्हा त्याच्यावर शिवणीची रेघ आखलेली नसते. कापडाचा काठ हीच त्याची आज्ञा. काठाला काठ जुळवायचा, तो मार्गदर्शक पट्टीला टेकवायचा, आणि काठापासून १ सेंटिमीटरवर टीप घालत जायचे. यावरून माया इतकी थोडी का, हेही कळते: काठावरूनच शिवण जन्मते म्हणून काठ अचूक आणि शिवणीच्या निकट असावा लागतो, आणि जादा माया सोडली तर कापडही वाया जाते. परंतु विरळ ट्वीडला १ सेंटिमीटरची माया पुरत नाही, तो उसवून जातो. म्हणून कापडाच्या मागे गोंद लावलेले अस्तरवजा पातळ कापड उष्णतेने चिकटवतात आणि धागे जखडून टाकतात. काम भरभर होते, सर्व जाकिटे एकसारखी उतरतात, आणि हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की चांगल्या कारखान्याची टीप निष्णात हातापेक्षाही सरळ असू शकते. मात्र ट्वीडची लवचीक घडण त्या गोंदाने थोडी ताठ होते, आणि पुढे कधी धुलाईच्या रसायनाने वा अति वाफेने गोंद सुटला, तर छातीवर किंवा पुढच्या काठाशी बारीक फोडांसारखे उंचवटे दिसू लागतात. ते इस्त्रीने कायमचे बसत नाहीत.

आपल्या कल्पित स्त्रीने हे जाकीट घातले की उजव्या बाजूला गळ्यापासून काखेकडे एक तिरपी सुरकुती उतरते, कारण त्या बाजूला खांद्यावर जास्तीचे कापड लोंबते. आणि पाठीच्या बाकामुळे मागची लांबी अपुरी पडून मागचा घेर वर उचलला जातो. हा दोष शिवणाऱ्याचा नव्हे. ज्या देहासाठी नमुना काढला तो देह समान खांद्यांचा होता, एवढेच.

मापाबरहुकूम जाकिटाचा व्यवहार बऱ्याच जणांना ओत कुत्यूरचा धाकटा भाऊ वाटतो. माझ्या मते तो तयार कपड्यांच्याच घराण्यातला आहे. दुकानात गिऱ्हाइकाच्या अंगावर नमुन्याचे एक तयार जाकीट चढवतात, कोठे सैल, कोठे तंग हे पाहतात, आणि एका तक्त्यात नोंद करतात: उजवा खांदा १ सेंटिमीटर खाली, पाठीची लांबी इतकी जास्त, बाही इतकी आखूड. हा तक्ता कारखान्याच्या दप्तरी जातो, तेथे मूळ नमुन्यात त्याप्रमाणे फेरफार होतात, आणि कापड एकेरी थरात कापले जाते. खांदा उतरवताना मुंढ्याचा तळही तेवढाच उतरवावा लागतो, नाहीतर मुंढा लहान होऊन हात आवळतो. चांगला कारखाना हे चुकवीत नाही. तरीही शिवणाऱ्यापर्यंत पोचणारी आज्ञा कापडाचा काठच असतो. काठ या वेळी एका विशिष्ट व्यक्तीसाठी आखलेला असतो, इतकाच भेद. कच्च्या टाक्यांनी जोडलेले अर्धवट जाकीट अंगावर पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. ते पुरे होऊनच येते, आणि मग बाहीची लांबी किंवा कमरेचा घेर यांपलीकडे फारसे बदलता येत नाही.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. तक्ता आकडे जाणतो, आकार जाणत नाही. छातीचा घेर दोघींचा ९६ सेंटिमीटर असला, तरी एकीचा तो पाठीच्या रुंदीतून आणि दुसरीचा पुढच्या भारातून आलेला असू शकतो. शिवाय तक्ता आज्ञाधारक असतो: खांदा खाली आहे असे लिहिले, की तो खाली शिवून देतो. चौकटीच्या ट्वीडवर परिणाम असा होतो की डाव्या खांद्याशी चौकटीची आडवी रेघ एका उंचीवर शिवणीला मिळते आणि उजव्या खांद्याशी दुसऱ्या; सुरकुती गेली, पण जी विषमता अंगावर कोणाच्या ध्यानातही आली नसती ती कापडाने जाहीर केली.

ओत कुत्यूरच्या कारखान्यात कामाचा आरंभ मांजरपाटापासून होतो. खऱ्या कापडाला हात लावण्यापूर्वी साध्या सुती कापडाचे जाकीट करून ते गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवतात, आणि कारखान्याची मुख्य, जिला तेथे ‘प्रमिएर’ म्हणतात, टाचण्यांनी ते तेथल्या तेथे आवळते, सोडते, कापते, त्यावर रेघा ओढते. येथे मापापेक्षा विवेक वरचढ ठरतो. उजवा खांदा खाली आहे हे तिला दिसते. तो तसाच शिवायचा, का खांद्यात पातळ पदर भरून डाव्याच्या बरोबरीला आणायचा, याचा निर्णय ती डोळ्यांनी घेते, आणि बहुधा दोन्हींचा मध्य साधते: काही मिलिमीटर भरते, काही उतरवते. बाकदार पाठीसाठी मागच्या खांद्याची शिवण पुढच्यापेक्षा सुमारे १ सेंटिमीटर लांब ठेवून ते अधिक कापड वाफेच्या इस्त्रीने आखडून घेतात, म्हणजे कापडात खांद्याच्या पात्यांपुरता उभार निर्माण होतो आणि चुणी कोठेच दिसत नाही. गोंदाने जखडलेल्या ट्वीडला ही विद्या शिकवणे फार कठीण जाते.

मग मांजरपाट उसवून त्याचे तुकडे ट्वीडवर मांडतात आणि शिवणीची रेघ रंगीत धाग्याने, लांब कच्च्या टाक्यांनी, कापडावर उमटवतात. येथून पुढे ही धाग्याची रेघ हीच आज्ञा. काठाला कोणी विचारीत नाही. तो वाकडातिकडा असो, रेघेपासून ४ सेंटिमीटर दूर असो, रेघेला रेघ जुळली की पुरे. म्हणून भरपूर माया सोडता येते, म्हणून विरळ ट्वीड उसवण्याचे भय राहत नाही, आणि म्हणून गोंदाची गरजही पडत नाही. ट्वीडला आधार मिळतो तो रेशमी अस्तराचा: जाकिटाचा प्रत्येक भाग जोडण्यापूर्वी वेगवेगळा असतानाच त्याच्या मागे अस्तर ठेवून उभ्या, समांतर टिपा मारतात. या टिपा यंत्राच्या असतात, आणि ओत कुत्यूर म्हणजे यंत्राला स्पर्शही न झालेले वस्त्र ही समजूत त्यामुळे निकालात निघावी. धागा ट्वीडच्या रंगाचा असल्याने गाठाळ विणीत बुडतो, बाहेरून दिसत नाही. टिपांमुळे भाग थोडा आकसतो, म्हणून तो आधी मोठा कापतात आणि टिपांनंतर पुन्हा मांजरपाटाशी ताडून पाहतात. टिपा शिवणीच्या चार-पाच सेंटिमीटर अलीकडे थांबवतात. ट्वीड ट्वीडला जोडल्यावर अस्तराचे सुटे काठ एकमेकांवर दुमडून हाताने, न दिसणाऱ्या टाक्यांनी मिटवतात.

कच्च्या टाक्यांवर जोडलेले जाकीट पुन्हा अंगावर येते. बाही तीन तुकड्यांची असते, तिच्यात कोपऱ्याचा नैसर्गिक बाक उतरतो, आणि मुंढा उंच कापलेला असल्याने हात उचलला तरी अंगचे जाकीट जागचे हलत नाही. खिशावरची चौकट मागच्या कापडाशी अखंड जुळते. काजे हाताने भरलेली असतात. अस्तराच्या घेराशी आतून एक धातूची साखळी टाचलेली असते; टिपांनी बांधलेले हलके जाकीट तिच्या भाराने सरळ पडते. एवढ्या सगळ्याला शंभराहून अधिक तासांचे हातकाम सहज लागते.

तिन्ही जाकिटांची खरी रुजुवात काही वर्षांनी होते, जेव्हा त्या स्त्रीचा घेर ४ सेंटिमीटरने वाढलेला असतो. तयार जाकिटात सोडण्याजोगे काही उरलेलेच नसते. मापाच्या जाकिटात बगलेच्या शिवणींत थोडी जादा माया मिळू शकते, पण ती फर्माइशीच्या वेळीच मागून घेतलेली असली तर. तिसऱ्या जाकिटात प्रत्येक बगलेला वेगळा तुकडा असल्याने दोन्ही बाजू मिळून चार शिवणी असतात. अस्तराचे हातटाके उसवून प्रत्येक शिवणीच्या दोन्ही अंगांनी अर्धा-अर्धा सेंटिमीटर सोडला की ४ सेंटिमीटरचा हिशेब पुरा होतो. घेर कमरेशी वाढला असेल तर ही सूट काखेपाशी शून्यावर आणता येते. छातीशी वाढला असेल तर मात्र मुंढा मोठा होतो, आणि मग बाही काढून तिच्याही शिवणी सोडून ती नव्याने बसवावी लागते, जे काम नव्या बाहीइतकेच वेळखाऊ आहे. जाकीट उन्हात बरेच वापरलेले असले, तर आतून बाहेर आलेली पट्टी शेजारच्या कापडाहून जरा गडद दिसते, आणि त्यावर कोणत्याही कारखान्याकडे उपाय नाही.