उवा परत कुठून येतात?

पाळणाघरात जाणाऱ्या अडीच वर्षांच्या मुलीच्या डोक्यात उवा सापडतात. आईबाबा औषधाच्या दुकानातून लोशन आणतात आणि रविवारी सकाळी लावतात. मेलेल्या उवा पडतात आणि घर सुटकेचा श्वास टाकतं. दहा-बारा दिवसांनी मुलगी पुन्हा डोकं खाजवू लागते. मग ठपका दोनच ठिकाणी जातो, एक तर औषध बनावट होतं किंवा पाळणाघर गलिच्छ आहे. बहुतेक वेळा यातलं एकही खरं नसतं. उवा परत दिसण्याची कारणं मुख्यतः तीन आहेत: लिखा वाचणं, औषधाला न जुमानणाऱ्या उवा असणं आणि दुसऱ्या डोक्यावरून नव्या उवा येणं. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. यातलं कोणतं घडलंय ते सापडलेल्या उवेच्या आकारावरून आणि ती कोणत्या दिवशी सापडली त्यावरून बऱ्यापैकी सांगता येतं.

त्यासाठी उवेचं वेळापत्रक माहीत हवं. मादी रोज सहा ते आठ लिखा घालते. प्रत्येक लीख ती डोक्याच्या कातडीला अगदी लागून, केसाला चिकद्रव्याने घट्ट चिकटवते, कारण वाढीसाठी तिला डोक्याची ऊब लागते. लीख फुटायला साधारण सात ते नऊ दिवस लागतात. बाहेर पडलेलं पिल्लू जेमतेम 1 मिलिमीटरचं असतं. तीन वेळा कात टाकून नऊ ते बारा दिवसांत ते पूर्ण वाढतं. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी असते, म्हणजे 2 ते 3 मिलिमीटर. त्यानंतर ती महिनाभर जगते आणि लिखा घालत राहते. डोक्यावरून खाली पडली तर रक्त न मिळाल्याने एक-दोन दिवसांत मरते. तिला पंख नसतात आणि उडीही मारता येत नाही, ती फक्त चालते. म्हणून तिला एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जायचं तर केसाला केस लागावा लागतो. दोन-अडीच वर्षांची मुलं एकाच खेळण्यावर डोक्याला डोकं लावून वाकतात, एकमेकांना मिठ्या मारतात आणि दुपारी एका सतरंजीवर झोपतात. उवांना याहून जास्त काही लागत नाही. केस रोज धुतलेले असोत की नसोत, त्याने फरक पडत नाही.

आता त्या रविवारकडे येऊ. लोशन 1 टक्का परमेथ्रिनचं होतं असं धरू. हे औषध उवेच्या मज्जातंतूंवर काम करतं. नुकत्याच घातलेल्या लिखेतल्या गर्भात पहिले काही दिवस मज्जासंस्थाच तयार झालेली नसते, त्यामुळे औषधाचा तिथे परिणाम होत नाही आणि त्या लिखा वाचतात. रविवारी घातलेली शेवटची लीख पुढच्या सोमवार-मंगळवारपर्यंत फुटते. दुसरीकडे, औषधाच्या दुसऱ्याच दिवशी फुटलेल्या लिखेतलं पिल्लू दहाव्या दिवसाच्या आसपास मोठं होऊन स्वतः लिखा घालू लागतं. या दोन घटनांमध्ये एक अरुंद फट उरते: जवळजवळ सगळ्या लिखा फुटलेल्या असतात, पण नव्या पिढीने अजून एकही लीख घातलेली नसते. ती फट नवव्या दिवशी येते. म्हणून परमेथ्रिनचा दुसरा हात नवव्या दिवशी द्यायचा. चौथ्या दिवशी दिला तर अजून न फुटलेल्या लिखा पुन्हा वाचतात आणि तीन आठवड्यांनी दिला तर नव्या लिखा आधीच घातलेल्या असतात. माझ्या मते घराघरांतलं बहुतेक अपयश इथेच येतं. पहिल्या दिवशी मेलेल्या उवा पाहून काम झालं असं वाटतं आणि दुसरा हात राहून जातो.

पहिला हातही नीट लागायला हवा. आपल्याकडे मुलांच्या केसांना खोबरेल असतंच. तेलकट केसावर लोशन धरत नाही, आणि कंडिशनर किंवा कंडिशनर मिसळलेल्या शाम्पूचंही तेच होतं. आधी साध्या शाम्पूने तेल काढायचं, केस टॉवेलने टिपून ओलसर ठेवायचे, मग कानांमागे आणि मानेवर खास लक्ष देत मुळांपासून लोशन लावायचं. दहा मिनिटांनी साध्या पाण्याने धुवायचं आणि पुढचे एक-दोन दिवस केसांना शाम्पू लावायचा नाही. लहान मुलाचं डोकं मागे झुकवून, डोळ्यांवर टॉवेल धरून बेसिनमध्ये धुवावं. आंघोळीत धुतलं तर औषध अंगभर उतरतं. दुकानात नावाकडे नाही, टक्क्याकडे बघा. 5 टक्के परमेथ्रिनची क्रीम खरजेसाठी असते, उवांसाठी 1 टक्का पुरे. दोन महिन्यांखालच्या बाळाला कोणतंही औषध लावू नये, फक्त फणीने उवा काढाव्यात. दोन वर्षांखालच्या मुलासाठी आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावं. लिंडेन किंवा गॅमा बेंझीन हेक्साक्लोराइड असं नाव असलेलं जुनं लोशन लहान मुलाला अजिबात नको, त्याने झटके येऊ शकतात.

घरगुती उपायांतल्या दोन गोष्टींबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. महाराष्ट्रात सीताफळाच्या बिया वाळवून त्यांची पूड तेलात कालवून डोक्याला लावण्याची पद्धत जुनी आहे. तिने उवा मरतात हे खरं आहे, कारण बियांतली अ‍ॅसिटोजेनिन नावाची द्रव्यं पेशीची ऊर्जा बनवणारी यंत्रणा बंद पाडतात. पण डोळ्याच्या बुबुळावरच्या नाजूक थराचंही ती तसंच नुकसान करतात. दोन-अडीच वर्षांचं मूल डोक्याला हात लावून लगेच डोळे चोळतं. मग डोळे लाल होतात, पाणी वाहतं, उजेड सहन होत नाही आणि मूल वेदनेने तळमळतं. भारतातल्या नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. असं झालंच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळे धुवून लगेच नेत्रतज्ज्ञाकडे न्यावं. दुसरी गोष्ट खोबरेलात विरघळवलेला कापूर. तो कातडीतून शोषला जातो आणि चाटला तर थेट पोटात जातो. लहान मुलांना थोड्या कापरानेही आकडी येऊ शकते. रॉकेल, डांबरगोळ्या आणि झुरळांचा खडू हे तर विषच आहेत. रात्रभर डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधण्याने श्वास कोंडण्याचा धोका असतो.

निव्वळ खोबरेल निरुपद्रवी आहे, पण त्याने उवा गुदमरून मरतील यावर भिस्त ठेवू नये. ऊ आपली श्वासछिद्रं मिटून तासन्‌तास तग धरते. तेल किंवा कंडिशनरचा खरा उपयोग असा की, त्यात ऊ काही मिनिटं जागच्या जागी थबकते आणि फणी सरकते. एवढ्या वेळात ती फणीने काढता येते. औषध नको असेल तर हाच पूर्ण उपचार होऊ शकतो. 2005 साली ‘बीएमजे’त आलेल्या एका ब्रिटिश चाचणीत ठरलेल्या दिवशी ओले केस विंचरून 57 टक्के मुलं उवामुक्त झाली, तर दुकानी कीटकनाशक लावलेल्यांतली फक्त 13 टक्के. तिथल्या उवा औषधाला सरावलेल्या होत्या हे त्याचं एक कारण, आणि त्यात औषधाचा एकच हात दिला जात होता. पण 57 टक्के म्हणजे सगळी नव्हेत. चिकाटी सुटली की फणीही हरते.

विंचरायची रीत अशी. केस ओले करून भरपूर कंडिशनर चोपडावा, साध्या कंगव्याने गुंता सोडवावा, मग बारीक दातांची फणी कातडीला टेकवून टोकापर्यंत ओढावी. प्रत्येक ओढीनंतर फणी पांढऱ्या कापडावर पुसून बघावी. पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशी हे करावं आणि सतराव्या दिवशी तपासणी करावी. धातूची फणी प्लॅस्टिकच्या फणीपेक्षा बरी, तिचे दात फाकत नाहीत. लहान मूल दहा मिनिटांपलीकडे बसत नाही, तेव्हा अर्धं डोकं सकाळी आणि अर्धं संध्याकाळी करायला हरकत नाही.

आता निदानाकडे. पुसलेल्या कापडावर काय दिसतं त्यावर सगळं ठरतं. औषधानंतर आठ-बारा तासांनी काही उवा सापडल्या पण त्या मंद हलत असतील, तर औषध काम करतंय, थांबावं. एकही मेलेली नसेल आणि सगळ्या पूर्वीसारख्याच चपळ असतील, तर उवा औषधाला सरावलेल्या आहेत किंवा ते तेलकट केसांवर लावलं गेलं आहे. अशा वेळी तेच औषध जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा लावून काही साधत नाही. डायमेथिकोनसारखं सिलिकॉनचं, उवांना बाहेरून वेढणारं औषध डॉक्टरांना विचारून घ्यावं, किंवा फणीवर यावं. आठव्या-नवव्या दिवशी फक्त बारीक पिल्लं दिसली, तर ती वाचलेल्या लिखांतली आहेत, दुसऱ्या हाताने जातील. आपल्या मुलीच्या बाबतीत समजा सतराव्या दिवशी फणी स्वच्छ निघाली आणि चोविसाव्या दिवशी तिळाएवढ्या तीन मोठ्या उवा सापडल्या, पिल्लू एकही नाही. सतराव्या दिवशी नजरेतून सुटलेलं काही असतं तर मोठ्यांबरोबर बहुधा लहानही दिसल्या असत्या. नुसत्या मोठ्या उवा बहुधा चालत आल्या आहेत. अशा वेळी औषधाला दोष देण्यात अर्थ नसतो, दुसरं डोकं शोधावं लागतं. ते बहुधा घरातच असतं, दुपारी मुलीला कुशीत घेणाऱ्या आजीच्या अंबाड्यात किंवा सात वर्षांच्या ताईच्या वेण्यांत.

नुसत्या लिखा दिसल्या म्हणून औषध लावू नये. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे कातडीपासून तेवढ्या अंतरावर असलेली लीख बहुधा महिन्यापूर्वीची, रिकामी असते. कोंडा बोटाने सरकतो, लीख सरकत नाही. उपचारानंतर आठवडाभर खाज राहू शकते, कारण ती उवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे. डोक्यावर पू, मानेच्या गाठी किंवा ताप असेल तर डॉक्टर गाठावा.

घर धुवून काढण्यात शक्ती घालवू नका. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शंभराहून जास्त वर्गखोल्यांच्या जमिनी तपासल्या. तिथल्या मुलांच्या डोक्यांत हजारो उवा होत्या, जमिनीवर एकही नव्हती. मागच्या दोन दिवसांतल्या उशीच्या खोळी, टोपी आणि फणी-कंगवे गरम पाण्यात धुतले की पुरे. फवारणी तर लहान मुलाच्या घरात मुळीच नको.

ताकद लावायची ती एकाच दिवशी सगळी डोकी तपासण्यात. घरातल्या प्रत्येकाला फणी फिरवावी, आणि ज्यांच्यात जिवंत ऊ सापडेल त्या सगळ्यांवर त्याच दिवशी उपचार करावेत. एका पलंगावर झोपणाऱ्यांना वगळू नये. पाळणाघराच्या ताईंना लगेच सांगावं, म्हणजे बाकीचे पालकही त्याच शनिवार-रविवारी फणी घेतील. मुलाला घरी बसवायची गरज नाही. पहिल्यांदा उवा झालेल्या मुलाला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, म्हणजे आज सापडलेल्या उवा त्या खोलीत केव्हाच्याच फिरत आहेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनेही 2022 साली शाळांना हेच सांगितलं की, उवा किंवा लिखांमुळे मुलाला घरी पाठवू नका. ज्या घरी चालणारी ऊ सापडली नाही त्यांनी ‘खबरदारी’ म्हणून औषध लावू नये, त्याने फक्त सरावलेल्या उवा वाढतात. त्यांनी पुढच्या रविवारी पुन्हा फणी फिरवावी, आणि पाळणाघर चालू असेपर्यंत दर आठवड्याला.