गाडी कर्जावर की लीजवर? पाच वर्षांचा हिशेब

शोरूममध्ये लीजचा प्रस्ताव ऐकताना मोह होतो. डाउन पेमेंट नाही, विमा आणि सर्व्हिसिंगची कटकट नाही, महिन्याला एकच ठरलेलं भाडं. पण महिन्याच्या आकड्यावरून स्वस्त-महाग ठरवायला जाल तर फसाल. पूर्ण पाच वर्षं मांडून बघावीत.

ऑन-रोड १२ लाखांची पेट्रोल गाडी धरू. २ लाख रोख भरले आणि उरलेलं १० लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं, तर हप्ता साधारण २०,७६० रुपये बसतो. साठ हप्त्यांत व्याज जातं सुमारे २ लाख ४५ हजार. पहिल्या वर्षाचा विमा ऑन-रोड किमतीत आलाच; पुढच्या चार वर्षांचा १ लाख २० हजार आणि सर्व्हिसिंग-टायरचे १ लाख धरा. खिशातून एकूण गेले सुमारे १६ लाख ६५ हजार. पाच वर्षांनी गाडी साडेपाच लाखांना विकली, तर खरा खर्च उरतो ११ लाख १५ हजार. यातला सर्वांत मोठा घास व्याजाचा नाही, गाडीच्या किमतीतल्या साडेसहा लाखांच्या घसरणीचा आहे. व्याजदरात पाव टक्का कमी करून घ्यायला आपण चार बँका पालथ्या घालतो आणि जुन्या बाजारात कोणत्या मॉडेलला भाव आहे, हे मात्र कुणाला विचारत नाही.

आता तीच गाडी लीजवर. जीएसटी, विमा आणि देखभाल धरून महिना २५ हजार भाडं असेल, तर पाच वर्षांत १५ लाख होतात आणि शेवटी गाडी परत द्यायची. म्हणजे कर्जापेक्षा जवळपास ३ लाख ८५ हजार जास्त. डाउन पेमेंटचे २ लाख ७ टक्क्यांच्या ठेवीत राहिले असते, तर त्यावर ८० हजार मिळाले असते. ते वजा केले तरी तीन लाखांचा फरक उरतोच.

हे चित्र पालटतं ते नोकरदाराच्या बाबतीत. कंपनीनं स्वतःच्या नावावर लीज घेऊन गाडी कामासाठी आणि घरासाठी वापरायला दिली, तर भाडं करपात्र पगारातून आधीच वजा होतं. सेससह ३१.२ टक्के कर भरणाऱ्याचे महिना ७,८०० रुपये वाचतात, पाच वर्षांत ४ लाख ६८ हजार. गाडीच्या सवलतीवर नियमानं ठरलेल्या रकमेचा कर त्यातून जातो, तरी लीज कर्जाच्या बरोबरीला येते, कधी स्वस्तही पडते. पाच टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला हा फायदा नगण्य आहे.

सही करण्यापूर्वी करारात दोन गोष्टी शोधा: वर्षाला किती किलोमीटरची मुभा आहे आणि दुसऱ्या वर्षी नोकरी सोडली तर किती रक्कम भरावी लागेल. दुसरा आकडा रुपयांत लिहून मागा. कर वाचवण्यासाठी घेतलेली लीज मध्येच तोडावी लागली, तर वाचलेला कर त्या एका रकमेत निघून जाऊ शकतो.