दुसरा आला, तरी पहिल्यापेक्षा जास्त

१० एप्रिल २०२१ रोजी लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री मैदानावर ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची शर्यत झाली. ४० घोडे धावले आणि मिनेला टाइम्स जिंकला. त्याच्या पाठीवर होती रेचल ब्लॅकमोर, ही शर्यत जिंकणारी पहिली महिला जॉकी. दुसरा आला बाल्को दे फ्लो. दोन्ही घोडे हेन्री डी ब्रॉमहेड या एकाच प्रशिक्षकाचे. साहजिकच मथळे ब्लॅकमोरचे झाले. पण बुकीच्या खिडकीवर काही जणांना जेत्यापेक्षा दुसऱ्या घोड्याने जास्त पैसे मिळवून दिले. ही किमया ‘ईच-वे’ पैजेची.

ब्रिटनमध्ये, विशेषतः ग्रँड नॅशनलच्या दिवशी, एरवी रेसच्या वाटेला न जाणारी मंडळीही अशी पैज लावतात. ‘पाच पौंड ईच-वे’ म्हटले की खिडकीवर दहा पौंड मोजावे लागतात, आणि नवखा माणूस इथेच गोंधळतो. कारण ही एक पैज नसून दोन आहेत: पाच पौंड घोडा जिंकेल यावर, म्हणजे ‘विन’वर, आणि पाच पौंड तो पहिल्या काही क्रमांकांत येईल यावर, म्हणजे ‘प्लेस’वर. विनला पूर्ण भाव मिळतो, प्लेसला त्याच भावाचा ठरलेला हिस्सा.

मिनेला टाइम्सचा भाव होता ११/१, म्हणजे एका पौंडामागे अकरा पौंड नफा. सोळा किंवा अधिक घोड्यांच्या हँडिकॅप शर्यतीत नेहमीची अट अशी, की पहिले चार घोडे प्लेसमध्ये आणि भावाचा एक चतुर्थांश. विनच्या पाच पौंडांवर ५५ पौंड नफा, मुद्दल धरून ६०. प्लेसचा भाव ११/४, म्हणून पाच पौंडांवर १३.७५ नफा, मुद्दलासह १८.७५. एकूण हाती ७८.७५.

आता बाल्को दे फ्लो पाहा. त्याचा भाव होता १००/१. तो जिंकला नाही, त्यामुळे विनचे पाच पौंड बुडाले. पण प्लेसचा भाव २५/१ झाला! पाच पौंडांवर १२५ नफा, मुद्दलासह १३०. हरलेल्या घोड्याने जिंकलेल्यापेक्षा ५१.२५ पौंड अधिक दिले.

यावरून ईच-वे म्हणजे सुरक्षित पैज, असे वाटू शकते. तसे मुळीच नाही. चतुर्थांशाच्या अटीत ४/१ भावाचा घोडा दुसरा आला, तर प्लेसचा भाव १/१ होतो. पाचाचे दहा मिळतात, विनचे पाच जातात, हिशेब शून्यावर येतो. पंचमांशाच्या अटीत हीच सीमा ५/१ वर असते. त्याखालचा घोडा नुसता प्लेसमध्ये आला तर तोटाच. ३/१ च्या फेव्हरिटवर पाच पौंड ईच-वे लावले आणि तो पंचमांशाच्या अटीत तिसरा आला, तर दहा मोजून आठच परत येतात. तरीही फेव्हरिटवर ईच-वे लावणारे पुष्कळ दिसतात.

अटी घोड्यांच्या संख्येवर ठरतात. पाच ते सात घोडे असतील तर पहिले दोन आणि चतुर्थांश भाव. आठ किंवा अधिक असतील तर साधारणतः पहिले तीन आणि पंचमांश. हँडिकॅपमध्ये बारा ते पंधरा घोडे असतील तर तीन क्रमांक, पण चतुर्थांश. चार किंवा त्याहून कमी घोडे असले, की प्लेस नाहीच, सगळे पैसे विनवर धरले जातात.

खरी गंमत आठ घोड्यांच्या शर्यतीत. समजा, १०/१ भावाच्या घोड्यावर पाच पौंड ईच-वे लावले आणि तो तिसरा आला. प्लेसचा भाव २/१, हाती १५ पौंड, म्हणजे पाचाचा फायदा. पण शर्यतीआधी एखादा घोडा लंगडल्याने माघारी गेला आणि सातच धावले, तर तिसऱ्या क्रमांकाला काहीच नाही. दहाचे दहा बुडाले. कारण हिशेब सुरुवातीला प्रत्यक्ष धावलेल्या घोड्यांवर होतो, पैज लावतानाच्या यादीवर नव्हे.

बुकीची अडचण वेगळी. प्लेसचा भाव विनच्या भावातून काढला जातो. घोडा पहिल्या तिघांत येण्याची शक्यता किती, हे त्यात मोजलेलेच नसते. आठ घोड्यांत एक अतिबलाढ्य फेव्हरिट असला की बाकीच्यांचे विनचे भाव फुगतात, पण दुसरे-तिसरे येण्याची त्यांची संधी चांगलीच राहते. जाणते पंटर नेमक्या अशाच शर्यती हेरतात.

मोठ्या शर्यतींत पाच-सहा प्लेस देण्याची जाहिरात होते, तेव्हा हिस्सा बहुधा चतुर्थांशाचा पंचमांश केलेला असतो. त्या अटीत बाल्को दे फ्लोच्या १३० पौंडांचे १०५ झाले असते.

मुंबईच्या महालक्ष्मीवर किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर टोटच्या खिडकीवर विन आणि प्लेस यांचे पूल स्वतंत्र असतात. तिथे प्लेसचा डिव्हिडंड त्या पुलात जमलेल्या पैशांवर ठरतो, विनच्या भावाचा हिस्सा म्हणून नव्हे.