सार्वजनिक किल्ली : पूर्वसंकेताविना गुप्त संदेशवहन

गुप्त संदेश पाठवावयाचा तर एखादा सांकेतिक शब्द उभयपक्षी आधीच ठाऊक असला पाहिजे, ही समजूत दीर्घकाळ निर्विवाद मानली गेली. व्हिटफिल्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये तिला जाहीर छेद दिला. पुढल्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी मांडलेली ‘आरएसए’ पद्धती एका लहान उदाहरणाने स्पष्ट होऊ शकेल.

समजा, ‘अ’ आणि ‘ब’ परस्परांस सर्वस्वी अपरिचित आहेत. ‘अ’ने ३ व ११ या दोन मूळ संख्या निवडल्या. त्यांचा गुणाकार ३३. प्रत्येकीतून एक वजा केल्यास २ व १० मिळतात. त्यांचा गुणाकार २०. या २० शी १ खेरीज सामाईक अवयव नसलेली ३ ही संख्या त्याने घेतली. ३ ला ७ ने गुणून २० ने भागले असता बाकी १ उरते, म्हणून ७ ही तिची जोडीदार. ‘अ’ने ३३ व ३ जाहीर केले आणि ७ स्वतःजवळ ठेवला.

‘ब’ला ४ हा अंक कळवावयाचा आहे. ४ चा घन ६४. त्यास ३३ ने भागता बाकी ३१. हा ३१ त्याने उघडपणे धाडला. ‘अ’ने ३१ चा सातवा घात काढला. तो २७,५१,२६,१४,१११ इतका येतो. त्यास ३३ ने भागता बाकी नेमकी ४ उरते.

मध्येच कान देणाऱ्यास ३३, ३ आणि ३१ हे तिन्ही ठाऊक आहेत. परंतु ७ शोधण्यास २० हवेत आणि २० साठी ३३ चे मूळ अवयव. येथे ते कोणीही सांगेल. प्रत्यक्षात मात्र सुमारे ६१७ अंकी संख्या योजतात. २०२० मध्ये २५० अंकी संख्येचे अवयव काढण्यासही अनेक संगणकांवर विभागून हजारो वर्षांइतका गणनकाळ खर्ची पडला.

खरी दुर्बलता गणितात नसून अन्यत्र आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. जाहीर झालेली किल्ली ‘अ’चीच कशावरून? मध्यस्थाने स्वतःची किल्ली ‘अ’च्या नावे पुढे केली, तर ‘ब’चा संदेश तो निवांत वाचेल आणि ‘अ’च्या खऱ्या किल्लीने पुन्हा बंद करून पुढे पाठवील. यास्तव किल्लीची मालकी प्रमाणित करणाऱ्या संस्था निर्माण झाल्या. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या अशाच संस्थेच्या संगणकांत शिरकाव करून गूगलच्या नावे बनावट प्रमाणपत्र काढण्यात आले आणि इराणमधील वापरकर्त्यांवर ते योजले गेले. क्रोम ब्राउझरमध्ये गूगलसंबंधीच्या ग्राह्य किल्ल्यांची नोंद आधीच केलेली असल्याने तेथे इशारा झळकला व प्रकार उघडकीस आला. म्हणजे पूर्वसंकेत नको असला, तरी पूर्वमाहिती लागलीच. फक्त ती गुप्त असण्याची गरज नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डिजिनोटार दिवाळखोर घोषित झाली.