अपडेट अर्ध्यावर, टीव्ही लोगोवर

स्मार्ट टीव्हीचा अपडेट दोन टप्प्यांत होतो आणि तो कुठल्या टप्प्यात अडकला आहे, हे आधी ओळखायला हवं. पहिल्या टप्प्यात नवी फाइल इंटरनेटवरून नुसती उतरत असते. जुनं फर्मवेअर जागच्या जागी असतं, टीव्ही नेहमीसारखा चालतो. इथे गाडी अडली तर टीव्ही बंद करून पुन्हा लावावा, काही बिघडत नाही. दुसऱ्या टप्प्यात टीव्ही आपणहून रीस्टार्ट होतो, काळ्या पडद्यावर टक्के सरकू लागतात आणि आतल्या मेमरी चिपवर नवं फर्मवेअर लिहिलं जातं. खरा धोका इथे आहे. काही नव्या अँड्रॉइड टीव्हींमध्ये फर्मवेअरच्या दोन प्रती ठेवलेल्या असतात, एक बिघडली तर टीव्ही दुसरीवर परततो. पण बऱ्याच टीव्हींमध्ये ही सोय नाही.

टक्के एकाच आकड्यावर थांबले की हात लगेच बटणाकडे जातो. तो आवरावा. मोठी फाइल लिहिताना आकडा बराच वेळ हलत नाही, म्हणून निदान तासभर तरी वाट पाहावी. खालचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर काम बहुधा चालू आहे. तासाभरानंतरही काहीच हललं नाही, तरच भिंतीवरचा स्विच बंद करावा, सेट-टॉप बॉक्स आणि बाकी सगळ्या वायरी काढाव्यात आणि दहा मिनिटांनी पुन्हा चालू करून पाहावं.

कोल्हापुरातल्या एका ओळखीच्या घरी हा स्विच बंद करण्याचा प्रश्नच आला नाही. अपडेट लिहिला जात असतानाच लाइट गेली. परत आल्यावर त्रेचाळीस इंची टीव्ही कंपनीचा लोगो दाखवायचा, काळा व्हायचा, पुन्हा लोगो. घरच्यांना वाटलं, पॅनल गेला. पण लोगो स्वच्छ दिसतोय म्हणजे पॅनल शाबूत आहे. शिवाय बूटलोडर, म्हणजे टीव्ही सुरू होताना सर्वांत आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम, तोही शाबूत आहे. अनेक टीव्हींमध्ये हा बूटलोडर मुख्य फर्मवेअर बिघडलेलं असतानाही यूएसबीवरून फाइल वाचू शकतो. पेनड्राइव्हने होणारी दुरुस्ती या एवढ्याशा प्रोग्रामवर उभी आहे.

फाइल घेतली ती कंपनीच्या सपोर्ट साइटवरून, टीव्हीच्या मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून. इथे मी फार आग्रही आहे. एकाच नावाच्या टीव्हीत वेगवेगळे बोर्ड आणि पॅनल बसवलेले असतात. कुठल्यातरी ग्रुपवर मिळालेली ‘तीच’ फाइल टाकली की चित्र उलटं येतं, रंग बिघडतात किंवा रिमोट चालेनासा होतो, आणि मग दुरुस्ती आधीपेक्षा अवघड होते.

पहिल्यांदा पेनड्राइव्ह लावला तेव्हा टीव्हीने त्याची दखलच घेतली नाही. ड्राइव्ह ६४ जीबीचा होता. एवढे मोठे ड्राइव्ह बहुधा exFAT फॉरमॅटमध्ये येतात आणि बूटलोडरला सहसा FAT32 एवढंच वाचता येतं. घरातला जुना ८ जीबीचा ड्राइव्ह FAT32 मध्ये फॉरमॅट केला. झिप उघडून आतली फाइल ड्राइव्हवर थेट ठेवली, दुसऱ्या फोल्डरमध्ये नाही. ती दोनदा डाउनलोड झाल्यामुळे कॉम्प्युटरने नावापुढे (1) जोडलं होतं, तेही काढलं. टीव्ही नाव जसंच्या तसं शोधतो. काही कंपन्यांना ठरलेलं फोल्डरही लागतं, उदाहरणार्थ एलजीच्या टीव्हीत .epk फाइल LG_DTV नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते.

मग टीव्हीचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला, म्हणजे पुन्हा लाइट गेली तरी काम अर्ध्यात राहू नये. ड्राइव्ह लावला, टीव्हीवरचं पॉवर बटण दाबून धरलं आणि ते न सोडता भिंतीवरचा स्विच चालू केला. दिवा जलद लुकलुकू लागला तेव्हा बटण सोडलं. कुठलं बटण, किती वेळ, हे मॉडेलगणिक बदलतं, म्हणून साइटवरची त्या मॉडेलची सूचना आधी वाचलेली बरी. दिवा लुकलुकत असेतो ड्राइव्हला हात लावायचा नाही. काम संपल्यावर टीव्ही आपणहून सुरू झाला. ती पहिली सुरुवात नेहमीपेक्षा खूपच संथ होती, पण त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. अॅप आणि पासवर्ड पुसले गेले होते, ते पुन्हा भरावे लागले.

योग्य फाइल, योग्य ड्राइव्ह असूनही लोगो दिसत नाही आणि दिवाही बदलत नाही, तर थांबावं. बूटलोडर पुसला गेला असेल किंवा मेमरी चिपच गेली असेल, तर पेनड्राइव्ह कितीही वेळा लावून उपयोग नाही. वॉरंटी चालू असेल तर टीव्ही न उघडता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कळवावं. वॉरंटी संपली असेल तर चांगला दुरुस्तीवाला प्रोग्रामर जोडून चिप नव्याने लिहू शकतो. आख्खा बोर्ड बदलायला हो म्हणण्याआधी हे होईल का, एवढं त्याला विचारावं.